‘आपण’ खोडून ‘तू’

मिस्त्रीची बायको गेली त्या दिवशी ती बातमी त्याला आधी ओठांनी सांगितली गेली, आणि ती त्याला कळली नाही.

मंगळवार होता, सकाळची पाळी. मिस्त्री साच्यांच्या खात्यात एका साच्याची कड घासत बसला होता. बाटल्यांच्या कारखान्यात लोखंडी साचे असतात, त्यात तापलेली काच पडते आणि बाटली होऊन बाहेर येते. साच्यावर काजळी धरली की बाटलीवर वळ उठतात, म्हणून साचे उतरवून साफ करायचे, घासायचे, परत चढवायचे. सव्वीस वर्षं त्याने एवढंच केलं होतं. मान वर केली तर दारात दुर्बीण उभी.

दुर्बीण म्हणजे तपासणी खात्यातली बाई, त्याच्या बायकोची जोडीदारीण. ती दारात उभी राहून बोलत होती. ओठ हलत होते, हात हलत होते, आवाज काही येत नव्हता.

“काय म्हणताय ताई? मोठ्याने बोला की. मला तुमचं ते नाही समजत.”

तिने परत तेच केलं. मग तिच्या लक्षात आलं, की आपला आवाजच फुटत नाहीये. तिने दाराची चौकट धरली आणि म्हणाली, “भाऊजी, चला. ती पडली.”

मशीनच्या बाजूला चोवीस तास इतका गोंगाट असतो, की शेजारच्याने कानात ओरडलं तरी ऐकू येत नाही. म्हणून तिकडच्या सगळ्या बायका, गडी ओठ वाचतात. नवीन माणूस वर्षभरात शिकतो. साच्यांचं खातं मात्र भिंतीपलीकडे, शांत. त्यामुळे मिस्त्रीला ती विद्या कधी आली नाही. त्याची बायको आणि दुर्बीण जेवणाच्या खोलीच्या दोन टोकांना बसून अर्धा अर्धा तास बोलायच्या, मधेच फिदीफिदी हसायच्या. तो विचारायचा, “काय चाललंय?” बायको म्हणायची, “तुमच्या कामाचं नाही.”

गाडी दवाखान्याच्या फाटकात शिरण्याआधीच ती गेली होती. डॉक्टर म्हणाले, डोक्यात गाठ होती, बऱ्याच महिन्यांची. तिच्यातून रक्त गेलं. “डाव्या बाजूचं दिसत नव्हतं का त्यांना? धडकायच्या वगैरे?”

दोन महिने ती घरात दाराच्या डाव्या फळीला खांदा आपटत होती. तो म्हणायचा, “अगं, डोळे आहेत की बटणं?” आणि ती हसायची.

पण कारखान्यात ते एका माणसाने ओळखलं होतं, आणि तिथूनच सगळं बिघडलं होतं.

तपासणीचं काम असं असतं. पांढऱ्या उजेडाची एक मोठी काच, तिच्यासमोरून पट्ट्यावर बाटल्या जातात. बाई उजेडासमोर बसते आणि वाईट बाटली उचलून बाजूला टाकते. चीर असते, बुडबुडा असतो, वितळायचा राहिलेला खडा असतो. सगळ्यांत वाईट तो झोका. बाटलीच्या आत एका बाजूपासून दुसऱ्या बाजूला गेलेली काचेची बारीक तार. ती आत तुटली, तर औषधाबरोबर कुणाच्या पोटात जाईल सांगता येत नाही. डोळे थकतात म्हणून कुणी अर्ध्या तासापेक्षा जास्त बसत नाही. अर्धा तास उजेड, अर्धा तास खोकी भरायची, मग अदलाबदल. मिस्त्रीची बायको आणि दुर्बीण एकोणतीस वर्षं अशा एकमेकींच्या जागेवर बसत आल्या होत्या. एकीची खुर्ची थंड होत नाही तोवर दुसरी.

बायको जायच्या नऊ दिवस आधी दुर्बिणीने खोकी भरताना एक झोका पकडला. मग दुसरा. दोन्ही तिच्या जोडीदारणीच्या डोळ्यांखालून सुटलेले, दोन्ही डाव्या बाजूने. आधी ती गप्प राहिली. त्याच पाळीत तिसरा सापडला तेव्हा सुपरवायझरकडे गेली आणि म्हणाली, “तिला उजेडावरून उठवा. तिला दिसत नाहीये.”

त्याच दिवशी मिस्त्रीच्या बायकोला कायमचं खोक्यांवर बसवलं. त्या दिवसापासून अबोला. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा. घरी येऊन बायको म्हणाली, “माझ्याशी बोलली असती तर? ओठ झिजले असते तिचे?” आणि डोळे तपासून घ्यायला चष्म्याच्या दुकानात गेली. दुकानदाराने नंबर बदलून दिला. नवा चष्मा गुरुवारी मिळणार होता.

ती मंगळवारी पडली, खोक्यांपाशीच. दुर्बीण दहा पावलांवर उजेडासमोर बसली होती, पाठ करून.

सहा आठवड्यांनी कारकून मिस्त्रीच्या घरी आला. कारखान्यातले निरोपसमारंभ हाच माणूस करायचा, त्यामुळे मागे सगळे त्याला ‘पोचवणारा’ म्हणायचे. खुर्चीवर बसल्या बसल्या म्हणाला, “मिस्त्री, दुर्बिणीचा निरोप आहे येत्या शनिवारी. एकतीस वर्षं झाली. भाषण वहिनीच करणार होत्या.”

“मग?”

“मग बाई म्हणते, भाषण नको. हार नको, फोटो नको, हजेरीपटावर सही करते आणि जाते. असं कसं चालेल? मी म्हटलं मी करतो. तर म्हणाली, तू तोंड उघडलंस तर मी मागच्या फाटकाने जाईन.”

“बरोबर बोलली.”

“वहिनींनी काही लिहून ठेवलं होतं का? ते वाचलं तर ती नाही म्हणणार नाही.”

मिस्त्रीला माहीत नव्हतं. दाराच्या मागे खुंटीवर तिचा कामाचा ॲप्रन अजून तसाच होता. त्याला त्याने हात लावला नव्हता. कारकून गेल्यावर त्याने खिसा चाचपला. दोन कागद निघाले, चार घड्या केलेले, आणि काचेवर खुणा करायची लाल मेणाची पेन्सिल.

भाषण निळ्या शाईत, तिच्या गोल अक्षरात होतं. वर तारीख होती, तक्रारीच्या दुसऱ्या दिवसाची.

‘सन्माननीय व्यवस्थापक व उपस्थित बंधुभगिनींनो, आपण गेली एकतीस वर्षे अत्यंत निष्ठेने, सचोटीने व कर्तव्यतत्परतेने सेवा बजावलीत. आपला मनमिळाऊ स्वभाव व हसतमुख व्यक्तिमत्त्व आम्हा सर्वांना सदैव प्रेरणादायी राहील. आपल्या जाण्याने निर्माण झालेली पोकळी…’

मिस्त्री ते ओळखत होता. हे कारकुनाच्या फायलीतलं. भट्टीवाल्याच्या निरोपालाही हेच झालं होतं, फाटकावरच्या पहारेकऱ्यालाही हेच. पहारेकऱ्याच्या जाण्याने तर तीन तास पोकळी निर्माण झाली होती, तोवर दुसरा आला.

आधी त्याला वाटलं, बायकोला वेळ झाला नसेल, म्हणून उतरवून घेतलं. मग तो एका शब्दावर थांबला. ‘आपण.’ दुर्बिणीला आपण? जिला एकोणतीस वर्षं ‘अगं ए’ शिवाय हाक मारली नाही, तिला? त्याला एकदम कळलं, की हे भाषण नव्हतं. ही चपराक होती. चारशे माणसांसमोर उभं राहून, एकही वाकडा शब्द न बोलता, तिला परकं करून टाकायचं होतं. त्याची बायको रागावली की अशीच करायची. आरडाओरडा नाही. “आपण जेवून घ्यावं,” एवढंच म्हणायची आणि घास घशाखाली उतरायचा नाही.

पण वरून लाल खुणा होत्या. त्या नंतरच्या.

बाद बाटलीवर करतात तशी फुली. ‘कर्तव्यतत्परतेने’वर फुली आणि बाजूला लिहिलेलं, कुणालाही चालेल. ‘मनमिळाऊ’वर फुली: खोटं. ‘हसतमुख’वर फुली: कधी? दुसऱ्या कागदावर फुल्या दाटत गेल्या होत्या. समासात तीन टिपणं होती: साहेबाचा ग्लास. फोन. बाटलीतून. आणि अगदी खाली, ‘आपले उर्वरित आयुष्य सुखाचे जावो’ ही ओळ पूर्ण खोडून एकच अक्षर होतं.

‘तू’

पुढे काही नव्हतं. पेन्सिलचं टोक तिथे टेकल्याचा एक ठिपका होता.

म्हणजे राग उतरत आला होता. मिस्त्री कितीतरी वेळ तो ठिपका बघत बसला. मग त्याने तोंड धुतलं आणि कारकुनाला निरोप धाडला, की शनिवारी मी बोलतो.

लिहायला बसला तर एक ओळ सुचेना. त्याचं शिक्षण जेमतेम, हात साच्यांचा. शेवटी त्याने साच्यांचीच रीत धरली: आधी घाण काढायची, मग बघू काय उरतं. बायकोची कसोटी त्याने उरलेल्या प्रत्येक वाक्याला लावली. वाक्यात दुर्बिणीच्या जागी पहारेकरी घालायचा. तरी वाक्य खरं राहिलं, तर फुली. दोन कागदांत शेवटी ‘एकतीस वर्षे’ एवढंच उरलं, आणि तेही चुकीचं निघालं. हजेरीची जुनी वही बघितली तर बत्तीस पूर्ण होऊन चार महिने झाले होते.

मग ती तीन टिपणं. ती कशाची आहेत हे त्याला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो आयुष्यात पहिल्यांदा नेहमीची जागा सोडून तपासणीच्या बायकांत जेवायला बसला.

“साहेबाचा ग्लास?” खोकी भरणारी म्हातारी हसायला लागली. “अहो, मोठे साहेब आले होते पाहणीला. सगळ्यांना पाणी दिलं. दुर्बिणीने आपला ग्लास उचलला, उजेडाकडे धरला, दोनदा फिरवला आणि ठेवून दिला. ‘चीर आहे.’ साहेबांनी तोंडाला लावलेला ग्लास तसाच खाली! पुढे तासभर तहानलेले हिंडले, पण पाण्याला हात लावला नाही.”

“आणि फोन?”

सगळ्या एकमेकींकडे बघू लागल्या. एकीने आवाज खाली घेतला. “सुपरवायझरची काचेची खोली आहे ना, तिथून तो बायकोशी फोनवर बोलायचा. हिला तीस पावलांवरून वाचता यायचं. आम्हाला रोज कळायचं, घरी काय भांडण आहे ते. ज्या दिवशी तो ‘बरं बाई, माझंच चुकलं’ म्हणायचा, त्या दिवशी आम्ही सुट्टी मागायचो. एकदाही नाही म्हणाला नाही.”

मिस्त्री हसला. सहा आठवड्यांत पहिल्यांदा, आणि त्याचं त्यालाच चोरट्यासारखं वाटलं.

त्याला अजून दहाबारा किस्से मिळाले. सगळे घेता येत नव्हते. एक फार लांब होता, त्यात तीन माणसं अशी होती की जी निम्म्या लोकांना माहीत नव्हती. एका किश्शात दुर्बीण बदलीच्या बाईवर ओरडली होती आणि ती बाई समोर बसणार होती. निरोपाला चारशे माणसं हसणार आणि एक रडणार, असा किस्सा कशाला? फोनचा किस्सा सोन्यासारखा, पण सुपरवायझर पहिल्या रांगेत असणार. मिस्त्री त्याच्याकडे गेला आणि सरळ विचारलं.

सुपरवायझर लाल झाला. “म्हणजे बारा वर्षं माझं सगळं…?”

“सगळं.”

“माझी बायकोही येणार आहे शनिवारी.”

“मग नको.”

सुपरवायझरने रुमालाने मान पुसली. “सांगा. फक्त ‘माझंच चुकलं’ असं मी म्हणालो हे सांगा. तिला बरं वाटेल.”

‘बाटलीतून’चा अर्थ मात्र कुणालाच सांगता येईना. “तो त्या दोघींमधला असेल,” म्हातारी म्हणाली. “तिलाच विचारा.”

शुक्रवारी दुपारी तो दुर्बिणीच्या घरी गेला. तिने दार उघडलं आणि बाजूला झाली. दोन खोल्या, लखलखीत. खिडकीत एक रिकामी बाटली ठेवलेली, उन्हात.

“बसा भाऊजी. भाषण नको म्हटलं होतं मी.”

“माझं नाही. तिचं आहे.”

“तिने ते माझ्यावर रागावून लिहिलं असणार. फायलीतलं असेल. आपण, आपली, आपणास.”

मिस्त्री चमकला. “कसं कळलं?”

“मला नाही तर कुणाला कळणार? एकदा मी तिचा डबा संपवला, तर आठवडाभर मला ‘आपण’ म्हणत होती.”

त्याने कागद पुढे केले. तिने ते हातात घेतले आणि, तिच्या नकळतच, खिडकीकडे धरले. पहिलं पान वाचताना तोंड घट्ट होतं. फुल्या लागल्या तशी ती मान हलवू लागली. ‘हसतमुख. कधी?’ला नाकातून एक आवाज आला. दुसऱ्या पानाच्या तळाशी ती थांबली आणि तिथून तिची नजर हलेना.

“ताई, ‘बाटलीतून’ म्हणजे काय?”

तिने मान वर करून खिडकीतल्या बाटलीकडे पाहिलं. “तिचा पहिला दिवस. एकवीस वर्षांची होती. बाटलीमागून बाटली निरखायची आणि सगळ्या वाईट बाटल्या सोडून द्यायची. रडकुंडीला आली. मी म्हटलं, अगं ए, बाटलीकडे बघू नकोस, बाटलीतून बघ. पलीकडचा उजेड बघ. जिथे तो अडखळेल तिथे खोट. बस्स. संध्याकाळपर्यंत माझ्यापेक्षा जास्त बाद केल्या तिने.”

खालून एक गाडी गेली. दुर्बिणीने कागदाच्या घड्या घातल्या, परत उलगडल्या.

“मी चूक केली का हो?”

“झोके सुटत होते,” मिस्त्री म्हणाला. “औषधाच्या बाटल्या. तुम्ही सांगायलाच हवं होतं.”

“सांगायला हवं होतं तिला. मी साहेबाला सांगितलं. आणि मला काय वाटलं, डोळे गेलेत. डोळ्यांचं बघितलं मी, डोळ्यांतून पलीकडचं नाही बघितलं.”

“मी घरात होतो,” मिस्त्री म्हणाला. “मी तर तेवढंही नाही बघितलं.”

मग त्याने विचारायचं ते विचारलं. “उद्या हे सांगायचं का? तक्रारीचं, अबोल्याचं? की सोडून देऊ?”

“सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही सोडलंत, तर चारशे माणसं तेवढं गिळून बसतील आणि टाळ्या वाजवतील. सांगा. पण थोडक्यात. आणि आधी हसवा, नाहीतर मला उभं राहवणार नाही.”

घरी येऊन त्याने क्रम लावला. आधी साहेबाचा ग्लास, मग फोन, मग बाटलीतून, मग अबोला, एवढंच. मोठ्या अक्षरात लिहिलं, म्हणजे हात थरथरला तरी ओळ सापडेल. जिथे हशा येईल तिथे रेघ मारली: इथे थांबायचं, हशावर बोलायचं नाही. स्वयंपाकघरातल्या घड्याळासमोर मोठ्याने वाचलं. नऊ मिनिटं झाली. पाळी बदलायच्या भोंग्याआधी सहाच मिळणार होती. त्याने स्वतःबद्दलचा सगळा भाग कापला आणि बरोबर सहा झाली. सगळीकडे ‘तू’ केलं. शेवटच्या ‘तू’पुढे काय लिहायचं, यावर मात्र त्याचे तीन कागद फुकट गेले. तू मला माफ कर. तू माझी सख्खी बहीण. तू बरोबर होतीस. सगळं शोभत होतं, आणि कुठलंही कुणालाही चाललं असतं. त्याने तिन्हींवर फुली मारली.

शनिवारी जेवणाच्या खोलीत मुंगी शिरायला जागा नव्हती. दुर्बीण पुढे खुर्चीवर, हार न घालता. शेजारची खुर्ची तिने रिकामी ठेवायला लावली होती.

मिस्त्रीने सुरुवात केली. “हे माझ्या बायकोने लिहिलंय. मी फक्त पुसून चढवलंय.” ग्लासाला खोली हसली. मोठे साहेब आले नव्हते, पण त्यांच्या जागी आलेल्या माणसाने हातातला ग्लास हळूच टेबलावर ठेवला, तेव्हा दुसऱ्यांदा हसली. फोनच्या किश्शाला सुपरवायझरच्या बायकोने नवऱ्याकडे वळून पाहिलं आणि टाळी वाजवली. मिस्त्री प्रत्येक रेघेवर थांबला. “हसतमुख म्हणून लिहिलं होतं,” तो म्हणाला, “तिने विचारलंय, कधी?” तेव्हा दुर्बीण सगळ्यांसमोर हसली, आणि कुणीतरी मागून ओरडलं, “तारीख लिहून घ्या रे!”

मग बाटलीतून. खोली शांत झाली. मग त्याने तक्रारीचं सांगितलं. झोका कुणी सोडला, कुणी पकडला, नऊ दिवस कोण कुणाशी बोललं नाही. आणि तिथे त्याचा आवाज गेला. हवा आली, शब्द आला नाही. तो तसाच ओठ हलवत राहिला. पुढच्या चार ओळी त्याने आवाजाशिवाय म्हटल्या आणि मग लाजून थांबला.

कुणीही कुजबुजलं नाही. त्याने मान वर केली. चारशे माणसं त्याच्या तोंडाकडे बघत होती, रोज मशीनपाशी बघतात तशी. म्हातारीने हाताने खूण केली: चालू ठेव, कळतंय.

त्याने शेवटची ओळ तशीच म्हटली. “खाली तिने ‘आपण’ खोडलंय आणि ‘तू’ लिहिलंय. पुढे काही नाही. मी भरलेलं नाही.” आणि कागद दुर्बिणीच्या हातात दिला.

दुर्बीण उभी राहिली. तिने आभार मानले नाहीत. ती रिकाम्या खुर्चीकडे वळली आणि बोलू लागली. ओठ हलत होते, हात हलत होते, आवाज नव्हता. बराच वेळ बोलली. मधे एकदा हसली. मशीनवरच्या बायकांनी तोंडाला पदर लावले, गडी खाली बघू लागले. त्या दोघींच्या माणसांत ज्याला काहीच कळलं नाही, असा एकटा मिस्त्री होता.

मग भोंगा झाला.

नंतर त्याने कुणाला विचारलं नाही, आणि कुणी त्याला सांगितलं नाही. ॲप्रन खुंटीवर आहे. नवा चष्मा दुकानातून आणलेला नाही. ओठ वाचायला तो शिकलेला नाही. आणि कागदावर ‘तू’च्या पुढे अजून काही लिहिलेलं नाही.